सरळ रेषेला शॉक देऊ नका!

मॉनिटरवरची रेषा आडवी होते, लांबलचक ‘टींऽऽ’ वाजतं. डॉक्टर पॅडल घासतो, “क्लिअर!” ओरडतो, पेशंट वीतभर उडतो आणि रेषा पुन्हा नाचू लागते. हा प्रसंग पाहिला नाही असा प्रेक्षक विरळाच. नर्सिंगला असाल तर तो जरूर पाहा, पण चुका शोधायला.

पहिली चूक शॉकचीच. शॉक हृदय ‘चालू’ करत नाही, क्षणभर थांबवतो. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये हृदय नुसतं थरथरतं, वीज वेडीवाकडी धावते. शॉक हा गोंधळ एका झटक्यात शांत करतो, म्हणजे हृदयाचा स्वतःचा ताल परत यायला वाव मिळतो. सरळ रेषेत, म्हणजे असिस्टोलमध्ये, शांत करायला गोंधळच नसतो. मग शॉक कशाला?

खऱ्या वॉर्डात अशी रेषा दिसली की आधी पेशंटकडे बघायचं. तो बोलत असेल, तर छातीवरचा इलेक्ट्रोड सुटलाय! प्रतिसाद नाही, श्वास नाही, 10 सेकंदांत नाडीही लागली नाही, तर लगेच मदतीला हाक आणि छातीवर दाब: मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर. लीड कुणीतरी दुसऱ्याने तपासायची. शिरेतून 1 मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन लवकरात लवकर, पुढे दर 3 ते 5 मिनिटांनी. दर 2 मिनिटांनी ताल बघायचा आणि दाबणारा बदलायचा, कारण दमलेल्या हातांचा दाब उथळ होतो. हे सगळं चालू असताना एक सिस्टर घड्याळ बघून वेळा लिहीत असते. पडद्यावर ती सहसा दिसतच नाही.

आता नटाचे कोपर बघा. वाकलेले असतात, कारण धडधाकट सहकलाकाराच्या छातीवर खरा दाब देता येत नाही. तुमचे मात्र ताठ हवेत, खांदे थेट हातांवर.

1996 साली तीन अमेरिकी संशोधकांनी ‘ईआर’, ‘शिकागो होप’ आणि ‘रेस्क्यू 911’ या मालिकांतले सीपीआर मोजले. पडद्यावर 75 टक्के रुग्ण तात्पुरते वाचले, 67 टक्के घरी गेले. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या रुग्णालयांतही सीपीआरनंतर घरी जाणारे साधारण चारांत एक. म्हणूनच “एवढं केलंत, तरी कसे गेले?” हा नातेवाइकांचा प्रश्न येतो. त्यांनीही त्याच मालिका पाहिलेल्या असतात.

परीक्षा संपल्यावर ‘द पिट’ लावा. इमर्जन्सीतली एकच पाळी, प्रत्येक भाग साधारण एका तासाचा, आणि चार्ज नर्स तिथे नुसती ट्रे धरून उभी नसते. कोड सुरू झाला की पॉपकॉर्न बाजूला ठेवा, घड्याळ लावा: 2 मिनिटांनी दाबणारा बदलतो का?