जोडलेल्या फोटोचा सांधा कानाला कसा कळणार?

2001 साली ई-मेलवरून एक फोटो जगभर फिरला. हेलिकॉप्टरमधून सोडलेल्या शिडीवर एक माणूस लोंबकळतो आहे आणि खालच्या पाण्यातून जबडा वासून उसळलेला शार्क त्याच्याकडे झेपावतो आहे. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर लष्करी सरावात हा क्षण टिपला गेला, असं सोबत लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ते दोन फोटो होते. हेलिकॉप्टरचा फोटो अमेरिकी हवाई दलाच्या लान्स च्यंग यांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळ काढलेला, तर शार्कचा दक्षिण आफ्रिकेत चार्ल्स मॅक्सवेल यांनी. कुणीतरी दोन्ही बेमालूम जोडले होते.

समजा, अफवांवरच्या एखाद्या लेखात हे चित्र द्यायचं आहे. दृष्टिहीन वाचक तो लेख स्क्रीन रीडरवर ऐकतात. चित्र आलं की हे सॉफ्टवेअर ‘ग्राफिक’ असं सांगतं आणि मग त्या चित्रासाठी लिहिलेलं वर्णन, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, वाचून दाखवतं. चित्रावर आडवा मारलेला लाल ‘FAKE’ शिक्का त्या आवाजात येत नाही, कारण तोही चित्राचाच भाग असतो. चित्राखालची ओळ वाचली जाते, पण ती वर्णनापासून वेगळी. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये G दाबलं की थेट पुढच्या चित्रावर जाता येतं. असं चित्रांवरून उड्या मारत जाणाऱ्याला खालची ओळ ऐकू येईलच असं नाही. म्हणून चित्र खरं नाही, ही गोष्ट वर्णनातच यायला हवी.

पहिल्या प्रयत्नात बहुतेकजण असं काहीतरी लिहितात: ‘हेलिकॉप्टरच्या शिडीवरच्या माणसावर शार्क झडप घालतो.’ चित्रात दिसतं ते यात बरोबर आलं आहे, पण वाक्य घडलेल्या घटनेचं आहे. मूळ अफवेनं जे सांगितलं, तेच आपण पुन्हा सांगितलं. शेवटी ‘हे चित्र बनावट आहे’ असं जोडलं तरी भागत नाही. ऐकणारा वाक्य अर्ध्यावर तोडून पुढे जाऊ शकतो, आणि तोवर त्याच्या हाती फक्त झडप आलेली असते. पाहणाऱ्याला चित्र आणि शिक्का एकदमच दिसतात. ऐकणाऱ्याला शब्द एकामागून एक मिळतात. त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

आधी हे काय आहे ते, मग त्यात काय दिसतं ते, आणि शेवटी सांधा कुठे आहे ते:

```html
<img src="shark.jpg" alt="दोन फोटो जोडून बनवलेलं चित्र.
हेलिकॉप्टरच्या शिडीवर माणूस, खाली पाण्यातून
त्याच्याकडे उसळणारा शार्क, मागे सॅन फ्रान्सिस्कोचा
गोल्डन गेट पूल. शार्क दुसऱ्या फोटोतून आणला आहे.">
```

‘चित्रात दिसतं की’ अशी सुरुवात इथे नाही, कारण ‘ग्राफिक’ हा शब्द ऐकू आलेलाच असतो. नुसता ‘बनावट’ हा शब्दही टाळला आहे. त्यातून फसवणूक कळते, पण नेमकं काय खोटं आहे ते कळत नाही. हेलिकॉप्टर, माणूस, पूल आणि शार्क या सगळ्यांचे फोटो खरेच आहेत; ते एकत्र असणं तेवढं खोटं आहे.

पुलाचं नाव मात्र मुद्दाम घेतलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या म्हणवल्या जाणाऱ्या फोटोत गोल्डन गेट दिसतो, यावरूनच डोळस वाचकाला संशय घेता येतो. वर्णनात नुसतं ‘मागे एक पूल’ लिहिलं, तर दृष्टिहीन वाचकाकडून तो पुरावाच काढून घेतल्यासारखं होतं. छायाचित्रकारांची नावं, वर्ष, अफवेचा प्रवास हे सगळं मात्र चित्राखालच्या ओळीत किंवा लेखात द्यावं. ते सर्वांनाच हवं असतं, आणि वर्णन दोन-चार छोट्या वाक्यांत संपलेलं बरं.

संगणकानं पूर्णपणे तयार केलेल्या चित्रात सांधा नसतो. तिथे ‘एआयनं तयार केलेलं चित्र’ अशी सुरुवात करावी. त्यात एखादा खरा माणूस दाखवला असेल, तर हा प्रसंग घडलेला नाही, हेही लिहावं.

एक मर्यादा उरतेच. हे वर्णन वेबपानाच्या कोडमध्ये असतं, फोटोच्या फाईलमध्ये नाही. कुणी नुसतं चित्र उतरवून पुढे पाठवलं की ते मागे राहतं. फाईलच्या आत वर्णन साठवण्यासाठी आयपीटीसी या संस्थेच्या मानकात 2021पासून वेगळा रकाना आहे, पण प्रत्येक सॉफ्टवेअर तो वाचून दाखवतंच असं नाही.

लिहून झाल्यावर ते चित्र न पाहिलेल्या कुणाला तरी वर्णन वाचून दाखवावं आणि दोन प्रश्न विचारावेत: चित्रात काय आहे? आणि हे घडलं होतं का? मग पहिलं वाक्य झाल्याबरोबर थांबून दुसरा प्रश्न पुन्हा दुसऱ्या कुणाला विचारावा. तिथेही उत्तर ‘नाही’ आलं, तर वर्णन पानावर टाकायला हरकत नाही.