गल्लीतली स्पर्धा आणि दुकानदाराचा फायदा

टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेचे प्रायोजकत्व मागणारे पत्र वर्गणीच्या पावतीपेक्षा वेगळे असते. वर्गणी आपुलकीपोटी दिली जाते. प्रायोजकाच्या पैशाला मात्र मोबदला असतो, आणि तो नेमका काय, हे पत्रात स्पष्ट लिहिलेले असावे लागते.

समजा, स्पर्धा सोळा संघांची, बाद पद्धतीची आणि तीन दिवसांची आहे. एकूण पंधरा सामने होतील. मैदान, चेंडू, पंच, समालोचक, ध्वनिक्षेपक आणि रोख बक्षिसे मिळून खर्च ६० हजार रुपये येतो. प्रत्येक संघाकडून दोन हजार प्रवेश फी घेतली, तर ३२ हजार जमतात. उरलेल्या २८ हजारांसाठी एकच मोठा प्रायोजक शोधत बसण्यापेक्षा रकमेचे छोटे वाटे करणे शहाणपणाचे. चषकासाठी १० हजार, सीमारेषेवरच्या सहा फलकांचे प्रत्येकी दीड हजार, पंधरा सामनावीर पुरस्कारांचे प्रत्येकी ५०० आणि दीड हजारांचे पिण्याचे पाणी, जे पाणीवाला वस्तुरूपात देऊ शकतो. इतक्यात बेरीज जुळते.

छोट्या दुकानदाराला यातला सामनावीर पुरस्कार सर्वांत उपयोगी पडतो. मुख्य बॅनरवर वीस नावे दाटीवाटीने छापली, की एकही नीट वाचले जात नाही. याउलट सामनावीराचे नाव पुकारताना समालोचक दुकानाचेही नाव घेतो, बक्षीस दुकानदाराच्या हस्ते दिले जाते आणि तो फोटो खेळाडूंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो. बक्षीस रोख न देता त्याच दुकानाचे कूपन दिले, तर विजेता दुकानात येतोच, बहुधा मित्रांना घेऊन. किती कूपने परत आली, यावरून फायदाही मोजता येतो.

हा फायदा सर्वांना सारखा नसतो. मैदानावर मुख्यतः तरुण मुले असतात, म्हणून सलून, वडापाव सेंटर, मोबाइल दुरुस्ती किंवा खेळसाहित्याच्या दुकानाला तो लवकर दिसतो. घरच्या बायका ज्या किराणा दुकानातून महिन्याचे सामान भरतात, त्याला फारसा नाही. त्याच्याकडे जायचे ते वस्तीतल्या ओळखीच्या जोरावर, आणि गिऱ्हाईक वाढण्याचे आश्वासन न देता. लांबच्या संघांतील खेळाडू परत येणार नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगावे.

पत्रात तारखा, मैदान, संघसंख्या, रक्कम आणि फलकाची जागा व मापे द्यावीत. एकाच प्रकारच्या दोन दुकानांना घ्यायचे नसेल, तर तेही आधीच लिहावे. पाऊस पडून स्पर्धा रद्द झाली, तर पैसे परत मिळणार की पुढच्या तारखेला वळवणार, यावरून नंतर वाद होतात. पावतीवर ‘देणगी’ऐवजी ‘जाहिरात’ लिहिल्यास दुकानदाराला ती रक्कम धंद्याचा खर्च म्हणून दाखवणे सोपे जाते. मैदानाबाहेर, रस्त्यावर फलक लावायचा असल्यास नगरपालिकेची परवानगी लागते. ती समितीने काढावी, कारण विनापरवाना फलकावर नाव दुकानाचे असते.

पत्र पोचवायला दुपारची निवांत वेळ बरी, संध्याकाळची गर्दीची नव्हे. दुकानाच्या नावाचे अक्षरलेखन फलक छापण्यापूर्वी दुकानदाराकडूनच तपासून घ्यावे. अंतिम सामन्यानंतर आठवड्याच्या आत त्याच्या फलकाचे फोटो आणि जमाखर्चाचा कागद त्याच्या हातात पडला, तर पुढच्या वर्षी समितीला तेच दार पुन्हा ठोठावता येते.