संततिनियमनाची गोळी व पायातील रक्तगुठळी

संततिनियमनाचा विषय घरात चारचौघांपुढे काढावयाचा नाही, हा आपल्याकडील जुना संकेत आहे. कै. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा त्यांच्या वाट्यास बहुधा लोकनिंदाच आली. पोटात घ्यावयाची गोळी त्यांच्या हयातीत निघालीच नव्हती. ते १९५३ साली वारले आणि अमेरिकेत या गोळीस मान्यता मिळाली ती १९६० साली. आज ती ठाणे-डोंबिवलीत औषधांच्या दुकानी सहज मिळते. संकेत मात्र तसाच राहिला आहे, आणि त्यापायी एका जिवावर कसा प्रसंग ओढवला हे आम्ही जवळून पाहिले.

डोंबिवलीस आमच्या एका स्नेह्यांची थोरली सून, वय वर्षे ३६, दोन मुलांची आई, रोज लोकलने मुंबईस नोकरीवर जाते. तिने घरी कोणास न सांगता या गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या महिन्यात तिची डावी पोटरी दुखू लागली. गाडीत उभे राहून दुखत असेल असे सर्वांस वाटले, व सासूबाईंनी मायेने तेल लावून पाय चोळून दिला. चार दिवसांत ती पोटरी उजवीहून जाड झाली व हातास ऊन लागू लागली. डॉक्टरांनी विचारले, "काही गोळ्या चालू आहेत का?" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. सून म्हणाली, "नाही."

दुसऱ्या दिवशी स्थानकाचा जिना चढताना तिला धाप लागली आणि छातीत कळ आली. रुग्णालयात सर्वांस बाहेर पाठवून तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात आला, तेव्हा खरे उत्तर मिळाले. तपासणीत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी आढळली. तिचाच एक तुकडा फुप्फुसात जाऊन अडकला होता. गुठळी वाढू न देणारी औषधे कित्येक महिने घ्यावी लागली, पण ती वाचली. पुढे कळले की तिच्या आईसही बाळंतपणानंतर असाच विकार झाला होता. गोळी घेण्यापूर्वी हे तिला कोणी विचारले नव्हते, कारण तिने कोणास विचारलेच नव्हते.

या गोळीत दोन द्रव्ये असतात. सरकारी आरोग्यकेंद्रात विनामूल्य मिळणाऱ्या 'माला-एन'च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत ०.०३ मिलिग्रॅम इस्ट्रोजेन व ०.१५ मिलिग्रॅम प्रोजेस्टिन असते. उरलेल्या ७ लोहाच्या. ही द्रव्ये मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीस आवरून धरतात, त्यामुळे बीज पक्व होऊन सुटत नाही. शिवाय प्रोजेस्टिनमुळे गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट होऊन पुरुषबीजाची वाट अडते.

गुठळीचे कारण मुख्यतः इस्ट्रोजेन होय. त्यामुळे यकृत रक्त गोठविणारे घटक अधिक निर्माण करते, आणि गोठणे आवरणारे काही घटक कमी पडतात. हा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वांत अधिक असतो. तथापि भयभीत होण्याचे कारण नाही. गोळी न घेणाऱ्या व गर्भवती नसलेल्या १०,००० स्त्रियांत वर्षाकाठी १ ते ५ जणींस असा विकार होतो, गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींस, आणि गर्भारपणात ५ ते २० जणींस. म्हणजे गोळी बहुतेकींस निर्धोक आहे; पण ती कोणास नको, हे आधी पाहिले पाहिजे. स्वतःस किंवा आई-बहिणीस गुठळी झालेली असणे, रक्तदाब वाढलेला असणे, डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येऊन अर्धशिशी उठणे, पस्तिशीनंतर धूम्रपान करणे, नुकतेच बाळंतपण झालेले असणे, यांपैकी एकही गोष्ट असल्यास डॉक्टरांस सांगितल्यावाचून गोळी घेऊ नये.

तातडीची गोळी ही निराळी वस्तू आहे. तिच्यात १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे एकच प्रोजेस्टिन असते. इस्ट्रोजेन नसल्यामुळे वर सांगितलेला गुठळीचा धोका तिला तसा लागू होत नाही. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, ती घ्यावयाची असते. ती बीज सुटणे लांबणीवर टाकते. बीज आधीच सुटले असेल तर तिचा उपयोग नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडीत नाही. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाल्यास पुन्हा घ्यावी लागते. पाळी आठवडाभर लांबली तर गर्भाची तपासणी करावी. पुढच्या संबंधास तिचे संरक्षण नसते. म्हणून नित्याच्या गोळीऐवजी ती वापरणे चुकीचे आहे.

एकच पोटरी सुजली, दुखली व तापली, तर ती चोळू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व चालू असलेली गोळी सांगावी. धाप लागल्यास किंवा छातीत कळ आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि सूनबाईंस डॉक्टर प्रश्न विचारू लागले, म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांनी क्षणभर दाराबाहेर जावे. आमच्या स्नेह्यांच्या घरी आता तसेच करतात, आणि तो पायंडा प्रथम सासूबाईंनीच पाडला.