हातोडीला कळतं ते, आणि कोअरला कळतं ते

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गाडली. त्या पहाटेनंतर मराठवाड्याने घर बांधण्याची रीतच बदलली. ज्याला जमेल त्याने माळवद सोडले आणि कॉलम-बीम-स्लॅबचे घर धरले. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूरसारख्या गावात बाजारपेठेतली दुमजली बांधकामे, खाली दुकान आणि वर राहती जागा, अशी बरीचशी त्यानंतरच्या काळातली आहेत. या पिढीच्या काँक्रीटने आता तिशी ओलांडली. महानगरपालिकांच्या हद्दीत तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्यानेच सांगितली आहे. चाकूर नगरपंचायतीचे गाव असले, तरी काँक्रीटचे वय हद्द पाहून वाढत नाही.

मग प्रश्न येतो तो हा : उभ्या इमारतीतल्या कॉलमची ताकद आज किती आहे, हे मोजायचे कसे? नवीन बांधकामात 150 मिलिमीटरचे ठोकळे भरून 28 दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडतात. तीस वर्षांपूर्वीचे ठोकळे कुणी भरले असतील तर त्यांचे कागद आज सापडत नाहीत. इमारत मात्र फोडून पाहता येत नाही.

याचे एक उत्तर 1948 मध्ये एर्न्स्ट श्मिट या स्विस अभियंत्याने दिले. त्याची रिबाउंड हॅमर ही हातभर लांबीची नळी आहे. तिच्या तोंडाशी पोलादी दांडा असतो. दांडा काँक्रीटवर टेकवून नळी हळूहळू दाबत नेली की आतली स्प्रिंग ताणली जाते, एका ठरावीक जागी खटका सुटतो आणि आतले वजन दांड्यावर आपटून मागे उसळते. उसळी किती, ते बाजूच्या पट्टीवरचा काटा दाखवतो. पृष्ठभाग कठीण असेल तर धक्क्यातली थोडीच ऊर्जा तो गिळतो आणि वजन जोरात परत येते. मऊ असेल तर ऊर्जा तिथेच जिरते. दहा सेकंदांत, भिंतीला जेमतेम एक टिंब उमटवून, काँक्रीटबद्दल एक आकडा हाती येतो. इतक्या साध्या यंत्राने इतके काही सांगावे, हे मला अजूनही थक्क करणारे वाटते.

मात्र हा आकडा ताकदीचा नाही, उसळीचा आहे. उसळीवरून ताकद काढायला हॅमरसोबत आलेला आलेख वापरतात, आणि तो आलेख कारखान्यातल्या ताज्या, कोरड्या, नीट कुटलेल्या काँक्रीटवर बेतलेला असतो. भारतीय मानक संस्थेच्या 1992 च्या मानकातच म्हटले होते की या पद्धतीने काढलेली ताकद साधारण 25 टक्के इकडे-तिकडे असू शकते. त्यातही हॅमरला जे जाणवते ते फक्त वरच्या दोन-तीन सेंटिमीटरचे. कॉलमच्या गाभ्यापर्यंत तो धक्का पोचतच नाही.

जुन्या इमारतीत नेमकी हीच दोन-तीन सेंटिमीटरची कातडी फसवते. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो आणि सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट तयार करतो. ते छिद्रांत साचते आणि वरचा थर अधिक कठीण होतो. भाकरीचा पापुद्रा कडक झाला म्हणजे आतही भाजली असे नाही, तसेच हे. ते मानक सांगत होते की अशा थरावरून काढलेली ताकद टोकाच्या परिस्थितीत दीडपटीपर्यंत फुगलेली दिसू शकते. उलट, संडास-बाथरूमच्या ओलीने भिजलेला पृष्ठभाग ताकद साधारण 20 टक्क्यांनी कमी दाखवू शकतो. म्हणून जाणकार माणूस आधी गिलावा काढतो, ती जागा कार्बोरंडमच्या दगडाने घासून सपाट करतो, कोरडी आहे का ते पाहतो, आणि कोपरा, सांधा, सळई, मोठी खडी टाळून ठोके देतो. कामाच्या आधी पोलादी ऐरणीवर ठोकून हॅमर ठीक आहे का तेही पाहतात. तिथे आकडा सुमारे 80 यायला हवा. स्लॅबच्या पोटाला वरच्या दिशेने ठोकले तर गुरुत्वाकर्षण उसळीला मदत करते, जमिनीकडे ठोकले तर अडवते. म्हणून हॅमर कोणत्या दिशेने धरली होती हे नोंदवले नाही, तर आकडे नुसते पाहून काही बोलता येत नाही.

आता हे एका उदाहरणात मांडू. चाकूरसारख्या गावातली 1994-95 च्या सुमाराची एक दुमजली इमारत डोळ्यासमोर आणा. त्या काळी 1978 चे मानक चालू होते आणि त्यात आरसीसीसाठी किमान दर्जा एम 15 चालत असे, म्हणजे 28 दिवसांच्या ठोकळ्याला प्रति चौरस मिलिमीटर 15 न्यूटन. सन 2000 च्या मानकाने ही किमान मर्यादा एम 20 वर नेली. आपल्या इमारतीचे कॉलम 230 मिलिमीटर रुंद आहेत. एका कॉलमवर आडव्या हॅमरचे सहा ठोके पडले : 36, 37, 34, 36, 49, 37. यातला 49 बाकीच्यांत बसत नाही. त्या ठोक्याखाली बहुधा खडीचा दगड आला, म्हणून तो बाद. उरलेल्या पाचांची सरासरी 36 भरते, आणि आलेखावर तिची ताकद 32 न्यूटनच्या आसपास येते. एम 15 च्या कॉलममध्ये 32! मालक खूश होतो. अभियंत्याने इथेच थांबून शंका घ्यायला हवी.

पुढचे काम कोअर कापण्याचे. आधी सळई शोधणाऱ्या यंत्राने आतल्या सळया कुठे आहेत ते पाहून खडूने खुणा करतात, कारण कोअरमध्ये सळई आली तर निकाल बिघडतो आणि कॉलमची सळई तुटली तर इमारतच बिघडते. कॉलम टेकूंनी तोलून धरतात. मग हिऱ्याचे दात असलेली पोकळ नळी यंत्राला लावून, वर पाण्याची धार सोडत, काँक्रीटचा एक दंडगोल काढतात. त्याचा व्यास सर्वांत मोठ्या खडीच्या किमान तिप्पट हवा. खडी 20 मिलिमीटरची असेल तर 60 च्या वर, म्हणून इथे 75. शंभराचा कोअर अधिक भरवशाचा, पण 230 च्या कॉलमला एवढे भोक पाडणे मला योग्य वाटत नाही. भोक नंतर न आकुंचन पावणाऱ्या ग्राउटने भरतात.

काढलेला दंडगोल हातात घेऊन नीट पाहावा, कारण बरीच माहिती दाबण्याआधीच मिळते. खडी सारखी पसरली आहे की एका बाजूला गोळा झाली आहे, पोकळ्या किती, गंजाचा तांबूस डाग आहे का, हे सगळे उघड दिसते. मग नुकत्याच फोडलेल्या ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकतात. जिथे काँक्रीटचा अल्कधर्म शाबूत आहे तिथे ते गडद गुलाबी होते, आणि कार्बोनेट झालेला भाग बेरंग राहतो. या कॉलममध्ये बेरंग पट्टा 28 मिलिमीटर खोल निघाला. सळईवरचे कव्हर 25 मिलिमीटर आहे.

कोअरची दोन्ही टोके सपाट करून, पाण्यात भिजवून, तो दाबयंत्रात ठेवतात. आपला कोअर उंचीला व्यासाच्या दीडपट आहे. तो 80 किलोन्यूटनला फुटला. 75 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ 4418 चौरस मिलिमीटर, म्हणजे ताण 18.1 न्यूटन. बुटका कोअर उंच कोअरपेक्षा जास्त ताकद दाखवतो, म्हणून उंची-व्यासाच्या गुणोत्तराला 0.11 ने गुणून त्यात 0.78 मिळवलेला गुणक लावायचा. दीडपट उंचीला तो 0.945 येतो आणि ताकद 17.1 होते. दंडगोलाची ताकद ठोकळ्यात बदलायला सव्वाने गुणायचे : 21.4 न्यूटन. बारीक व्यासासाठी वरच्या बाजूची आणखी थोडी दुरुस्ती असते, ती इथे सोडून देऊ. हॅमरच्या आलेखाने 32 सांगितले होते. कातडी दीडपट बोलली.

अशाच चार कॉलमांतून चार कोअर काढले असे समजा : 21.4, 19.6, 20.5 आणि 12.8. पहिल्या तिघांच्या जागी हॅमरचे आलेखावरचे आकडे 32, 30 आणि 31 होते. म्हणजे या इमारतीत, या काँक्रीटला, हॅमरच्या आकड्याचे दोन तृतीयांश घ्यावे लागतील. आता हॅमरचा खरा उपयोग सुरू होतो. कोअर प्रत्येक कॉलममधून काढता येत नाही, पण हॅमर सगळ्या कॉलमांवर फिरवता येते आणि प्रत्येक आकडा या गुणकाने सुधारता येतो. कोअर चार जागांचे खरे सांगतो आणि हॅमर ते पूर्ण इमारतीवर पसरवते. तीन जोड्यांवरचा गुणक कच्चाच असतो. जोड्या वाढल्या तसा तो पक्का होतो, आणि दुसऱ्या इमारतीला तो जसाच्या तसा लावणे चूकच.

चौथा कोअर वेगळाच. त्याच्या जागी हॅमरने बाकीच्यांसारखेच 31 दाखवले होते, पण पोटात पोकळ्या निघाल्या. कॉलमच्या पायथ्याशी शटरिंगच्या फटीतून सिमेंटचे पाणी वाहून गेले किंवा काँक्रीट नीट कुटले नाही, की खडी उघडी पडून मधमाशीच्या पोळ्यासारखा भाग राहतो. नंतर कुणीतरी वरून सिमेंटचा लेप देऊन तो झाकतो. लेपावर ठोका दिला की हॅमर लेपाची ताकद सांगते. असा कॉलम सरासरीत मिसळून टाकू नये. त्याच्या आरपार अल्ट्रासोनिक लहरी पाठवून पाहतात. लहर सेकंदाला 3 किलोमीटरपेक्षा सावकाश गेली तर आत पोकळी किंवा भेग असल्याची दाट शंका घ्यायची.

आता निकाल. सन 2000 चे मानक म्हणते की कोअरची सरासरी ठरलेल्या दर्जाच्या 85 टक्के आणि कोणताही एक कोअर 75 टक्क्यांच्या खाली नको. कापताना कोअरला बारीक इजा होते, म्हणून ही सूट. एम 15 साठी ते 12.75 आणि 11.25 होतात. चौथा धरूनही आपली सरासरी 18.6, सर्वांत कमी 12.8. कागदावर सगळे कोअर पास. हा नियम मुळात नव्या कामाच्या स्वीकृतीचा आहे, त्यामुळे चौथा कॉलम पास झाला तरी मी तो दुरुस्तीच्या यादीत टाकीन.

आणि कागदावर पास झालेल्या इमारतीत खरा धोका त्या 28 मिलिमीटरमध्ये आहे. काँक्रीटचा अल्कधर्म सळईवर एक संरक्षक पापुद्रा धरून ठेवतो, आणि कार्बोनेट झालेल्या भागात तो टिकत नाही. कार्बोनेशनची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. तीस वर्षांत 28 मिलिमीटर म्हणजे 25 मिलिमीटरचे कव्हर सुमारे चोविसाव्या वर्षीच ओलांडले गेले. गेली सहाएक वर्षे या सळया उघड्यावर आहेत. घरातल्या कोरड्या कॉलममध्ये त्या तशाच पडून राहतील, पण गच्चीच्या गळतीजवळच्या, बाथरूमला लागून असलेल्या आणि पावसाळी झड लागणाऱ्या बाहेरच्या कॉलममध्ये पाणी मिळाले की गंजतील. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि सळईच्या रेषेत उभी भेग पडते. ज्या कातडीने हॅमरला मोठा आकडा दिला, तिनेच सळईचे संरक्षण काढून घेतले होते. म्हणून तपासणी अहवालात फक्त ताकदीचे आकडे आले आणि कार्बोनेशनची खोली व कव्हर आले नाही, तर घरमालकाने तो परत पाठवावा आणि प्रत्येक बाहेरच्या कॉलमचे ते दोन आकडे मागावेत.