रस्त्यावरील छायाचित्रांतील चेहऱ्यांचे अनामीकरण : धूसर चेहरा आणि कृत्रिम चेहरा

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

- चेहरा धूसर केल्यावर छायाचित्रात कोणती माहिती उरते हे सांगता येईल.
- कृत्रिम चेहरा बसवण्याच्या पायऱ्या स्पष्ट करता येतील.
- छायाचित्राचा हेतू पाहून दोन्हींपैकी योग्य पद्धत निवडता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जुलै २०२२ मध्ये गुगलची ‘स्ट्रीट व्ह्यू’ ही सेवा भारतातील दहा शहरांत सुरू झाली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही महाराष्ट्रातील शहरे होती. या सेवेत रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचे चेहरे आणि वाहनांच्या क्रमांकपाट्या यंत्राद्वारे धूसर केल्या जातात. छायाचित्रातून व्यक्तीची ओळख काढून टाकण्याच्या या क्रियेला ‘अनामीकरण’ म्हणतात. अलीकडे दुसरी एक पद्धत पुढे आली आहे. तिच्यात खऱ्या चेहऱ्याच्या जागी अस्तित्वात नसलेल्या माणसाचा चेहरा बसवला जातो. या दोन पद्धतींतील भेद आपण एका उदाहरणाच्या आधारे समजून घेऊ.

समजा, क्षेत्रकार्यासाठी तुम्ही मानखुर्द स्थानकाबाहेरील रस्त्याचे छायाचित्र घेतले आहे. तीन मीटर अंतरावर एक भाजीवाल्या मावशी बसल्या आहेत. बारा मीटरवर एक शाळकरी मुलगा रस्ता ओलांडत आहे. कडेला, ओढणीने अर्धा चेहरा झाकलेली एक स्त्री मान वळवून उभी आहे. प्रकल्प-अहवालात हे चित्र छापायचे आहे. परंतु तिघांपैकी कोणाचीही संमती घेतलेली नाही. मावशींची बसण्याची जागा रोजची आहे. हे चित्र उद्या कोणाच्या हाती पडेल आणि त्याचा कोणता उपयोग होईल, हे आपल्याला ठाऊक नाही. म्हणून त्यांची ओळख जपणे ही छायाचित्रकाराची जबाबदारी ठरते.

२. धूसर करणे म्हणजे काय?

संगणकातील छायाचित्र हे पिक्सेल नावाच्या बारीक रंगबिंदूंचे बनलेले असते. धूसर करताना प्रत्येक बिंदूच्या जागी त्याच्या आसपासच्या बिंदूंची सरासरी ठेवली जाते. सरासरीमुळे बारीकसारीक भेद पुसट होतात, पण सर्व माहिती नष्ट होत नाही. किती माहिती उरेल हे चेहऱ्याच्या आकारावर अवलंबून असते.

आपले छायाचित्र ४००० पिक्सेल रुंद आहे आणि तीन मीटर अंतरावर त्यात चार मीटर रुंदीचे दृश्य मावते, असे धरू. म्हणजे तेथे एका मीटरला १००० पिक्सेल मिळतात आणि मावशींचा १५ सेंटिमीटर रुंद चेहरा १५० पिक्सेलचा दिसतो. बारा मीटरवर दृश्याची रुंदी सोळा मीटर होते. तेथे तेवढाच रुंद चेहरा जेमतेम ३८ पिक्सेल व्यापतो. आता दोघांनाही १५ पिक्सेल रुंदीच्या चौकोनातील सरासरी लावली, तर मुलाच्या चेहऱ्यावर हा चौकोन एक-तृतीयांशाहून अधिक भाग व्यापतो. त्याचे डोळे आणि ओठ एकमेकांत मिसळून जातात. मावशींच्या चेहऱ्यावर मात्र तोच चौकोन एक-दशांश भागाएवढा असतो. त्यांच्या भुवया, डोळ्यांतील अंतर आणि हनुवटीची ठेवण ओळखू येते. सारांश, धूसरपणाचे प्रमाण चेहऱ्याच्या आकारानुसार वाढवले पाहिजे. सगळ्यांना एकच माप लावले, तर जवळचा माणूस उघडा पडतो.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. आपल्या डोळ्यांना न ओळखता येणारा चेहरा यंत्राला ओळखता येऊ शकतो. २०१६ मध्ये मॅकफर्सन, शोक्री आणि श्मातिकोव्ह या संशोधकांनी संगणकाला धूसर व चौकटीदार केलेल्या चेहऱ्यांवरच प्रशिक्षण दिले, तेव्हा तो ते चेहरे ओळखू लागला. यासाठी धूसर चित्र पुन्हा स्पष्ट करावे लागत नाही. संशयित व्यक्तींची छायाचित्रे तशीच धूसर करून जुळवून पाहणे पुरेसे असते.

३. कृत्रिम चेहरा कसा बसवतात?

नॉर्वेतील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात हुकेलोस, मेस्टर आणि लिंडसेथ यांनी २०१९ मध्ये मांडलेली ‘डीपप्रायव्हसी’ ही पद्धत या प्रकारातील स्पष्ट उदाहरण आहे. तिच्या पायऱ्या अशा आहेत. प्रथम यंत्र चित्रातील चेहरे शोधते. नंतर डोळे, नाक, कान आणि खांदे यांच्या स्थानांची नोंद घेते. त्यानंतर चेहऱ्याचा संपूर्ण भाग पुसला जातो. शेवटी, सुमारे पंधरा लाख चेहऱ्यांवर प्रशिक्षित झालेली प्रणाली, स्थानांची ती नोंद आणि भोवतालचे दृश्य पाहून रिकाम्या जागी नवा चेहरा घडवते.

यातील तिसरी पायरी महत्त्वाची आहे. नवा चेहरा घडवणाऱ्या प्रणालीला मूळ चेहरा दाखवलाच जात नाही. म्हणून त्याची वैशिष्ट्ये नव्या चेहऱ्यात झिरपण्याचा मार्ग बंद होतो. म्हणजेच येथील सुरक्षितता आधीच्या पुसण्यातून येते. नव्या चेहऱ्यामुळे केवळ चित्र नैसर्गिक दिसते. काही पद्धती मूळ चेहरा पाहून त्यात फेरफार करतात. त्यांना हा भरवसा देता येत नाही. एखादे साधन निवडताना हाच प्रश्न प्रथम विचारावा.

नैसर्गिकपणाचा उपयोग ठरावीक ठिकाणी होतो. गर्दी मोजणाऱ्या किंवा वाहनासमोरील माणूस ओळखणाऱ्या प्रणालीला प्रशिक्षण देताना चित्रात चेहऱ्यासारखा चेहरा असणे उपयुक्त असते. वरील संशोधनात चेहरे बदललेल्या चित्रांवर चेहरा शोधण्याची अचूकता केवळ ०.७ टक्क्यांनी घटली.

४. कृत्रिम चेहऱ्याचे धोके

पहिला धोका सत्यतेचा आहे. धूसर चेहरा पाहताच वाचकाला कळते, की येथे काहीतरी झाकले आहे. कृत्रिम चेहरा तसे सांगत नाही. मावशींच्या कपाळावरील कुंकू, वयाच्या सुरकुत्या, थकवा हे सारे बदलू शकते. मुलगा थोराड दिसू शकतो. अहवालाचा वाचक मात्र तो चेहरा मानखुर्दच्या एका विक्रेतीचा म्हणूनच पाहील. सामाजिक दस्तऐवजात ही नकळत घडलेली बनावट ठरते.

दुसरा धोका सुटलेल्या चेहऱ्यांचा आहे. दोन्ही पद्धतींत यंत्राला आधी चेहरा सापडावा लागतो. गुगलच्या संशोधकांनी २००९ मध्ये स्ट्रीट व्ह्यूच्या चाचणी-चित्रांत ८९ टक्क्यांहून अधिक चेहरे पुरेसे धूसर झाल्याचे नोंदवले. याचाच अर्थ काही राहून गेले. आपल्या चित्रातील ओढणीआडचा चेहरा असाच सुटू शकतो. धूसर चित्रात तो एकच स्पष्ट चेहरा असल्याने तपासनिसाच्या लगेच लक्षात येतो. कृत्रिम चेहऱ्यांच्या गर्दीत तो सहज लपतो. अनोळखी माणसापासून लपणे हा लाभच आहे. परंतु तपासनिसाच्याही नजरेतून तो निसटतो आणि त्या स्त्रीच्या परिचितांना मात्र ती ओळखू येते. म्हणून मूळ व बदललेले चित्र शेजारी ठेवून प्रत्येक चेहरा मोजून तपासावा.

तिसरी मर्यादा दोन्ही पद्धतींना समान आहे. साडीचा रंग, गाडीवरील पाटी, तीवरील भ्रमणध्वनी क्रमांक, शाळेचा गणवेश आणि चित्राच्या फाइलमध्ये नोंदलेले स्थळ यांवरूनही माणूस ओळखता येतो. रोज त्याच जागी बसणाऱ्या मावशींना ओळखण्यासाठी शेजाऱ्याला त्यांच्या चेहऱ्याची गरज नसते.

५. सारांश

अहवाल, बातमी किंवा पुरावा म्हणून चित्र वापरायचे असेल, तर चेहऱ्यावर अपारदर्शक पट्टा घालावा किंवा चेहऱ्याच्या आकारानुसार पुरेसे धूसर करावे. झाकलेले आहे हे दिसू द्यावे. यंत्राच्या प्रशिक्षणासाठी चित्रसंच हवा असेल, तर मूळ चेहरा पुसून बसवलेला कृत्रिम चेहरा योग्य ठरतो. असे चित्र कधी छापलेच, तर चेहरे कृत्रिम असल्याची नोंद चित्राखाली द्यावी. आपल्या उदाहरणातील चित्रासाठी पट्टा घालणे, पाटीवरील क्रमांक झाकणे आणि फाइलमधील स्थळाची नोंद काढणे हा मार्ग उचित आहे. मावशींची संमती मिळवणे शक्य असेल, तर ती आधी घ्यावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. वरील छायाचित्रात सहा मीटर अंतरावरील चेहरा किती पिक्सेल रुंद दिसेल? १५ पिक्सेलचा चौकोन त्याच्या किती भागावर पसरेल?

२. ‘कृत्रिम चेहऱ्याची सुरक्षितता पुसण्यात आहे, घडवण्यात नाही.’ हे विधान स्पष्ट करा.

३. तुमच्या परिसरातील रस्त्याचे एक छायाचित्र घ्या. चेहरे झाकल्यानंतरही ओळख उघड करणाऱ्या तीन गोष्टी त्यात शोधा.