भिंतीवरचे सुविचार बोलके होतात तेव्हा

वसतिगृहाच्या लांब व्हरांड्यातील सुविचारांच्या पाट्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असतील. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेल्या त्या चोवीस पाट्यांपैकी एक रोज परिपाठात वाचली जाते. काही वर्षांपूर्वी सहावीतील एका मुलीने अशीच एक पाटी खणखणीत आवाजात वाचली : ‘क्रोधाचा परित्याग हाच मनःशांतीचा प्रथम सोपान होय.’ उच्चारात एकही चूक नव्हती. परिपाठ संपल्यावर मात्र ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “सर, हा सोपान कोण?”

तिच्या गावात सोपान नावाचा एक गृहस्थ होता. पायरीला सोपान म्हणतात, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. त्या दिवशी मला हसू आले, परंतु रात्री अस्वस्थ वाटले. जी मुलगी वर्षभर हे वाक्य ऐकत होती, तिच्यापर्यंत रागाविषयीची एक अत्यंत उपयोगी गोष्ट पोहोचलीच नव्हती. मग आठवीतील काही मुलांना सोबत घेऊन आम्ही त्या चोवीस वाक्यांना बोलत्या मराठीत आणायचे ठरवले. ते काम वाटले त्यापेक्षा अवघड निघाले. ते कसे केले आणि कोठे फसले, ते येथे सांगतो.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. मुलांनी कठीण शब्द खोडून सोपे शब्द घातले : ‘राग सोडून देणे ही मन शांत होण्याची पहिली पायरी आहे.’ वाक्य सोपे झाले, पण बोलके झाले नाही. दोन माणसे एकमेकांशी असे बोलत नाहीत. दुसऱ्या गटाने उलट टोक गाठले. त्यांनी मूळ वाक्य तसेच ठेवून त्याला बोलण्याची शेपटे लावली : ‘अरे, असत्य भाषण करू नकोस ना, बरं का!’ ‘अरे’, ‘ना’, ‘बरं का’ या शब्दांनी बोलण्याचा सूर येतो हे खरे, पण तो वाक्याच्या आतून यावा लागतो.

अडचण शब्दांची नव्हती. भिंतीवरचे वाक्य कोणी कोणाला उद्देशून बोललेले नसते, ही खरी अडचण होती. म्हणून आम्ही प्रत्येक वाक्यापुढे तीन प्रश्न लिहिले : हे कोण म्हणतो आहे, कोणाला म्हणतो आहे आणि त्या वेळी नुकतेच काय घडले आहे? सोपानाच्या पाटीसाठी मुलांनी प्रसंग निवडला तो नळावरचा. बादलीवरून पाचवीतील दोघांची जुंपली आहे आणि नववीतील मुलगा एकाला बाजूला घेऊन समजावतो आहे. मग पाटीकडे पाठ करून एका मुलाने ते बोलून दाखवले आणि दुसऱ्याने जसेच्या तसे लिहून घेतले : “राग आलाय ना? जाऊ दे रे.”

हे अगदी खरे बोलणे होते आणि तरीही मी ते नाकारले. मूळ वाक्य फक्त क्रोध सोडायला सांगते. आपल्या बोलण्यातले ‘जाऊ दे’ मात्र रागाबरोबर घडलेली गोष्टही सोडून द्यायला सांगते. ज्याला ढकलले गेले त्याने राग आवरावा, हे योग्य. त्याने तक्रारच करू नये, हे योग्य नाही. पिढ्यान्‌पिढ्या ‘जाऊ दे’ ऐकत आलेल्या समाजाच्या शाळेत तरी हा फरक विसरता येणार नाही. दोन दिवसांच्या खटपटीनंतर ठरले ते असे : “राग आलाय ना? आधी तो जाऊ दे. मग काय झालं ते सांग.”

या रूपात मूळ वाक्यातील काय काय उरले, ते पाहा. ‘परित्याग’ हे नाम ‘जाऊ दे’ या क्रियेत आले. ‘प्रथम सोपान’ नाहीसा झाला नाही. ‘आधी’ आणि ‘मग’ या दोन लहान शब्दांनी पायऱ्यांचा क्रम सांभाळला. ‘होय’ गळाले, कारण बोलताना आपण वाक्याच्या शेवटी निकाल देत नाही. एका लांब वाक्याची तीन छोटी वाक्ये झाली, कारण बोलणारा माणूस थांबत थांबत, समोरच्याचा चेहरा पाहत बोलतो. शिवाय आता या बोलण्याला उत्तर देता येते. “त्यानंच आधी ढकललं,” असे तो लहान मुलगा म्हणू शकतो. पुढे आम्ही हीच कसोटी धरली : वाक्य ऐकल्यावर समोरच्याच्या ओठांवर काही उत्तर येते का? येत नसेल, तर ते अजून भिंतीवरच आहे असे समजावे.

दुसरी पाटी भोजनगृहातील होती : ‘अन्नाचा अपव्यय हा श्रमिकांच्या श्रमांचा अवमान होय.’ येथे अपव्यय, श्रम आणि अवमान अशी तीन जड नामे एकापुढे एक उभी आहेत. अशी नामे सोडवण्याचा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक नामामागे दडलेली क्रिया शोधणे आणि ती कोण करतो ते विचारणे. अपव्यय म्हणजे कोणीतरी ताटात टाकते. श्रम म्हणजे कोणीतरी राबते. मुलींनी प्रथम लिहिले, “ताटात टाकू नकोस गं, मावशी ओरडतील.” बोलणे अस्सल होते, परंतु कारण बदलले होते. आदराच्या जागी धाक आला होता. आम्ही पुन्हा लिहिले : “ताटात टाकू नकोस गं. कुणीतरी राबलंय त्याच्यासाठी.” ‘कुणीतरी’ या शब्दात स्वयंपाकाच्या मावशीही आल्या आणि शेतावर राबणारी माणसेही. ‘त्याच्यासाठी’ हा शब्द क्रियापदानंतर आला, हेही लक्षात घ्यावे. लिहिताना आपण क्रियापदाने वाक्य बंद करतो. बोलताना मात्र एखादा शब्द मागाहून जोडतो. त्या एका बदलाने वाक्य पुस्तकातून बाहेर येते.

‘करावे’ आणि ‘करू नये’ या रूपांचा प्रश्न प्रत्येक पाटीवर येत होता. त्याचे ‘कर’ आणि ‘करू नकोस’ केले की वाक्य समोरच्याला उद्देशून होते. पण चोवीस वेळा तसे केले तर मुलाला दिवसभर हुकूमच ऐकू येतात. मराठीत यासाठी एक सुंदर सोय आहे : ‘आपण’. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. ‘दुर्बलाचा उपहास करू नये’ या पाटीचे आम्ही “आपण नाही हसायचं कुणाला” असे केले. बोलणारा स्वतःलाही त्या नियमात बांधून घेतो, म्हणून ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटत नाही. ‘हसायचे’ऐवजी ‘हसायचं’ असे लिहिले, तेही जाणीवपूर्वक. बोलण्यातला उच्चार दाखवायचा असेल तेव्हा असा अनुस्वार द्यायला प्रमाण लेखनातही मुभा आहे.

सर्वांत अधिक वेळ गेला तो ‘सर्व प्राणिमात्रांप्रती मैत्रीभाव बाळगावा’ या वाक्यावर. मुलांनी झटकन ‘सगळ्यांशी दोस्ती कर’ असे लिहिले. येथे मात्र धम्माचाच अर्थ निसटत होता. दोस्ती आपण निवडून करतो आणि ती दोन्ही बाजूंनी असावी लागते. पाली ‘मेत्ता’ म्हणजे मैत्री परतफेड मागत नाही; जो आपला मित्र नाही त्याच्याविषयीही ती असते. शेवटी एका पाटीतून दोन बोलणी निघाली. माणसांसाठी : “तो बोलत नाही ना तुझ्याशी? नसू दे. पण त्याचं वाईट व्हावं असं नको म्हणूस.” प्राण्यांसाठी : “कुत्र्याला दगड कशाला मारतोस? त्यानं तुझं काय केलंय?” मैत्री, करुणा, शील, प्रज्ञा हे शब्द आम्ही बदलले नाहीत. जेथे आले तेथे ते ठेवले आणि त्यांच्याभोवतीचे वाक्य तेवढे बोलके केले.

मग एका वऱ्हाडी मुलाने विचारले, “सर, आमच्याकडे असं कोणी बोलत नाही.” त्याच्या घरी हेच बोलणे “काहून मारून राहिला त्याले? त्यानं तुयं काय केलं?” असे होते. त्याचे म्हणणे बरोबर होते. आम्ही ज्याला बोलकी मराठी समजत होतो, ती शहरातल्या एका थराची बोली होती. म्हणून परिपाठात ज्याने त्याने आपल्या घरच्या बोलीत म्हणावे, असे ठरले. कोणी हसले तर ‘आपण नाही हसायचं कुणाला’ ही पाटी तेथे होतीच.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू बुद्धवचन छंदस्‌मध्ये बसवण्याची अनुमती मागतात. भगवान त्यांना नकार देतात आणि बुद्धवचन ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुमती देतात. या शब्दांच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. ‘आपापल्या बोलीत’ असा अर्थ अनेक अभ्यासक घेतात. अट्ठकथाकार बुद्धघोष मात्र तो मागधी भाषेपुरता मानतात. अशोकाचे शिलालेख पाहिले तर व्यवहार काय होता ते दिसते. एकच मजकूर पूर्वेकडे ‘लाजा’ म्हणतो आणि पश्चिमेकडे गिरनारला ‘राजा’ म्हणतो. संदेश तोच राहिला, उच्चार ऐकणाऱ्यांच्या प्रदेशाचा झाला.

एका पालकांनी या उपक्रमाला स्पष्ट विरोध केला. ते म्हणाले, “गुरुजी, आमची भाषा त्याला येतेच. तुमची यावी म्हणून इथे ठेवलंय.” हा आक्षेप मी हलका मानत नाही. प्रमाण भाषा न आल्यामुळे मुलाखतीत, कचेरीत, न्यायालयात काय सोसावे लागते, ते आपल्या समाजाला ठाऊक आहे. म्हणून जुनी पाटी आम्ही काढली नाही. वर मूळ वाक्य आणि खाली त्याचे बोलणे, असे दोन्ही ठेवले. बोलण्यावरून मुलाला अर्थ कळतो आणि अर्थ कळल्यावर वरचा जड शब्द त्याचा होतो. तीन पाट्या मात्र आम्ही मुळीच बदलल्या नाहीत. ती सर्वांनी उभे राहून एका सुरात म्हणायची प्रतिज्ञावाक्ये होती. समूहाने म्हणायचे वाक्य संवाद नसते; त्याचा संवाद करायला गेले तर त्याची लय मोडते आणि हाती काही लागत नाही.

ती सहावीतील मुलगी पुढे दहावीत गेली. एके संध्याकाळी नळावर दोन लहान मुलींचे भांडण सोडवताना ती मला दिसली. “आधी राग जाऊ दे, मग सांग मला,” असे ती एकीला म्हणत होती. त्या मुलीने रडत रडत सारे सांगितले आणि हिने ते पूर्ण ऐकून घेतले.