खोलीचे चित्र आणि समांतर रेषांचा लोपबिंदू

समोरासमोर उभे राहून पाहिलेली खोली कागदावर काढण्याच्या पद्धतीला एकबिंदू यथादर्शन म्हणतात. या चित्रात समोरची भिंत सरळ आयताकार दिसते. जमीन, छत आणि बाजूच्या दोन भिंती यांच्या आत जाणाऱ्या कडा मात्र एकाच बिंदूच्या दिशेने जातात. प्रत्यक्ष खोलीत त्या एकमेकींना समांतर असतात आणि कितीही लांबवल्या तरी भेटत नाहीत. चित्रात त्या जिथे भेटतात त्याला लोपबिंदू म्हणतात.

असे का घडते हे समजण्यासाठी डोळा आणि खोली यांच्यामध्ये एक उभी काच आहे असे धरावे. खोलीतल्या प्रत्येक बिंदूपासून डोळ्यापर्यंत एक सरळ रेषा येते. ती काचेला जिथे छेदते तिथे त्या बिंदूचे चित्र उमटते. जमिनीची एक कड आत आत जात आहे आणि डोळा तिच्यावरचे अधिकाधिक दूरचे बिंदू पाहतो आहे असे समजू. बिंदू जितका दूर, तितकी डोळ्यापासून निघणारी दृष्टिरेषा त्या कडेला समांतर होत जाते. ती पूर्ण समांतर कधीच होत नाही, पण समांतर स्थितीच्या हवी तितकी जवळ जाते. म्हणून त्या कडेचे चित्र काचेवरच्या एका ठरावीक बिंदूकडे सरकते. डोळ्यातून त्या कडेला समांतर काढलेली रेषा काचेला जिथे छेदते, तोच हा बिंदू.

आता छताची कड घेतली तरी तिला समांतर अशी डोळ्यातून जाणारी रेषा तीच असते, कारण एका बिंदूतून एका दिशेने एकच रेषा जाते. त्यामुळे एका दिशेच्या सगळ्या रेषांना एकच लोपबिंदू मिळतो. काचेशी काटकोनात आत जाणाऱ्या रेषांसाठी तो डोळ्याच्या बरोबर समोर, डोळ्याच्याच उंचीवर पडतो. त्यातून काढलेली आडवी रेषा म्हणजे क्षितिजरेषा. उभ्या कडा आणि समोरच्या भिंतीच्या आडव्या कडा काचेला समांतर असतात. डोळ्यातून त्यांना समांतर काढलेली रेषा काचेला कधीच छेदत नाही. म्हणून त्यांना लोपबिंदू नसतो आणि चित्रातही त्या समांतरच राहतात.

प्रत्यक्ष चित्रासाठी १२ फूट रुंद, १२ फूट खोल आणि १० फूट उंच खोली घेऊ. जमिनीवर २ फुटांच्या चौकोनी फरश्या आहेत. डोळा ५ फूट उंचीवर, खोलीच्या मध्यरेषेवर आणि खोलीच्या पुढच्या उघड्या बाजूपासून १२ फूट मागे आहे. कागदावर १ फुटाला १ सेंटीमीटर असे प्रमाण ठेवू.

प्रथम १२ सेंटीमीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच आयत काढावा. ही खोलीची पुढची बाजू. तळापासून ५ सेंटीमीटरवर क्षितिजरेषा काढून ती उजवीकडे आयताबाहेर लांबवावी आणि तिच्यावर आयताच्या मध्यावर लोपबिंदू घ्यावा. आयताचे चारही कोपरे हलक्या रेषांनी लोपबिंदूला जोडावेत. तळाच्या कडेवर २-२ सेंटीमीटरवर खुणा करून त्याही जोडल्या की फरश्यांच्या आत जाणाऱ्या रेषा मिळतात.

पुढचा प्रश्न फरश्यांच्या आडव्या रेषांचा. त्या अंदाजाने काढल्या की जमीन चढावर असल्यासारखी किंवा वाकल्यासारखी दिसते. इथे फरश्यांचे कर्ण कामी येतात. तेही एकमेकांना समांतर असतात, म्हणून त्यांचाही स्वतःचा लोपबिंदू असतो. कर्ण ४५ अंशांत जात असल्याने तो क्षितिजरेषेवर, मधल्या लोपबिंदूपासून डोळा काचेपासून जितका दूर तितक्याच अंतरावर येतो. या खोलीत ते अंतर १२ सेंटीमीटर आहे. या बिंदूला अंतरबिंदू म्हणतात. तो उजवीकडे घेऊन तळाच्या डाव्या कोपऱ्याला जोडावा. ही तिरकी रेषा आत जाणाऱ्या रेषांना जिथे जिथे छेदते, तिथून एकेक आडवी रेषा काढावी. खोली १२ फूट खोल आणि तितकीच रुंद असल्याने ही तिरकी रेषा जमिनीच्या उजव्या कडेला जिथे मिळते, तिथेच मागच्या भिंतीचा पाया येतो. तिथून मागच्या भिंतीचा आयत पुरा केला की तो ६ सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर उंच, म्हणजे पुढच्या आयताच्या बरोबर निम्मा भरतो.

निम्माच का, हे समरूप त्रिकोणांवरून कळते. काचेपासून डोळ्याचे अंतर १२ फूट आणि भिंतीपासून २४ फूट. १२ भागिले २४ म्हणजे अर्धे. याच हिशेबाने फरश्यांच्या आडव्या रेषा क्षितिजरेषेच्या खाली अनुक्रमे ५, ४.२९, ३.७५, ३.३३, ३, २.७३ आणि २.५ सेंटीमीटरवर येतात. पहिल्या ओळीची उंची ०.७१ सेंटीमीटर आणि शेवटच्या ओळीची ०.२३ सेंटीमीटर होते. दुसरी ओळ पहिलीच्या पाऊणपट असते, तर सहावी पाचवीच्या पाच-षष्ठांश असते. म्हणजे फरश्या लहान होत जातात, पण ठरावीक पटीने नाही.

नेमकी हीच चूक इटालियन विद्वान लिओन बात्तिस्ता अल्बेर्ती यांनी १४३५ मध्ये चित्रकलेवरच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिली. काही चित्रकार प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या दोन तृतीयांश धरत. पट कायम ठेवला की काय होते हे आपल्या खोलीतही दिसते. प्रत्येक ओळ आधीच्या पाऊणपट घेत राहिले, तर अगणित ओळी काढूनही जमीन क्षितिजरेषेच्या २ सेंटीमीटरहून थोडी अधिक खालीच थांबते. अल्बेर्ती यांनी दिलेली कसोटी सोपी आहे: ओळीने येणाऱ्या फरश्यांचे कर्ण एकाच सरळ रेषेत आले पाहिजेत. ते मोडलेले दिसले, तर चित्र चुकले.

बाजूच्या भिंतीच्या मधोमध खिडकी काढतानाही हीच चूक होते. चित्रात डावी भिंत ३ सेंटीमीटर रुंद दिसते, म्हणून पट्टीने दीड सेंटीमीटरवर मध्य घेतला जातो. खरा मध्य पुढच्या कडेपासून २ सेंटीमीटरवर आहे. भिंतीच्या चित्राचे दोन्ही कर्ण काढले की ते बरोबर तिथेच छेदतात. उंचीची मापे मात्र पुढच्या उभ्या कडेवर घेऊन लोपबिंदूला जोडावी लागतात. ७ फुटांच्या दाराची खूण तळापासून ७ सेंटीमीटरवर येते. ज्या व्यक्तीचे डोळे ५ फुटांवर आहेत, ती खोलीत कुठेही उभी केली तरी तिचे डोळे क्षितिजरेषेवरच यायला हवेत.

डोळ्याचे अंतर बदलले की सगळी खोली बदलते. १२ फुटांऐवजी ४ फूट घेतले, तर मागची भिंत पुढच्या आयताच्या एक चतुर्थांश रुंदीची होते, खोली बोगद्यासारखी लांब दिसते आणि पुढच्या कोपऱ्यांतल्या फरश्या ताणल्या जातात. रेखाटन बरोबर असूनही चित्र खटकते, कारण ते ४ सेंटीमीटरवरून एका डोळ्याने पाहण्यासाठी काढलेले असते आणि इतक्या जवळून कोणी चित्र पाहत नाही. वर काढलेल्या चित्रालाही १२ सेंटीमीटर हे अंतर कमीच आहे. म्हणून मोठ्या कागदावर सगळी मापे तिप्पट घ्यावीत, म्हणजे पाहण्याचे योग्य अंतर ३६ सेंटीमीटर होते आणि हातात धरलेले चित्र जवळपास तेवढ्याच अंतरावरून पाहिले जाते.